मशीन काय गृहीत धरतं? सोनोग्राफीतले आर्टिफॅक्ट

आज आपण सोनोग्राफीच्या आर्टिफॅक्टबद्दल बोलणार आहोत. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो आणि बहुतेक विद्यार्थी नावांची यादी पाठ करून येतात. पण परीक्षक पुढचा प्रश्न विचारतो, ‘हे का दिसतं?’, आणि यादी तिथे संपते. म्हणून आपण उलट्या बाजूने जाऊया. मशीन काय गृहीत धरतं ते आधी समजून घेऊया, म्हणजे आर्टिफॅक्ट आपोआप उलगडतील.

प्रोबमधून ध्वनीचा एक छोटासा ठोका शरीरात जातो, वाटेत ऊतींवर आपटतो आणि प्रतिध्वनी परत येतो. मशीनला प्रत्यक्ष दोनच गोष्टी कळतात. प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोरात आला. वेळेवरून ते खोली ठरवतं, जोरावरून ठिपका किती उजळ काढायचा ते ठरवतं. बाकी सगळं गृहीतकांवर चालतं.

पहिलं गृहीतक वेगाचं. मशीन धरून चालतं की शरीरात सगळीकडे ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर आहे. समजा, प्रतिध्वनी 130 मायक्रोसेकंदांनी आला. 1540 ला त्या वेळेने गुणलं की 20 सेंटीमीटर येतात. पण हे जाऊन-येऊनचं अंतर झालं, म्हणून निम्मं करायचं. वस्तू 10 सेंटीमीटरवर. म्हणजे दर सेंटीमीटर खोलीला सुमारे 13 मायक्रोसेकंद. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ गणितं सुटतात.

आता चरबीत वेग साधारण 1450 असतो. वाटेत 5 सेंटीमीटर चरबी असेल तर प्रतिध्वनी उशिरा येतो, आणि मशीन त्या 5 सेंटीमीटरला सुमारे 5.3 सेंटीमीटर समजतं. चरबीमागची गोष्ट 3 मिलीमीटर खोल सरकलेली दिसते. यकृतात चरबीयुक्त गाठ असेल तर तिच्यामागचा डायाफ्रामचा तुकडा तुटून मागे गेल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने.

दुसरं गृहीतक क्षयाचं. आवाज खोल जाताना कमजोर होत जातो. मऊ ऊतींत ढोबळमानाने दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला अर्धा डेसिबल. 3 मेगाहर्ट्झचा प्रोब आणि 10 सेंटीमीटर खोली घेतली, तर जाऊन-येऊन 20 सेंटीमीटरच्या प्रवासात 30 डेसिबल जातात. मशीन हे नुकसान भरून काढतं. जितका प्रतिध्वनी उशिरा येतो तितका तो जास्त मोठा करून दाखवतं. हेच टीजीसी.

पण ही भरपाई सरसकट असते. समजा, वाटेत द्रवाची पिशवी आली, उदाहरणार्थ यकृतातली साधी सिस्ट. द्रवात आवाज जवळजवळ कमी होतच नाही, तरी मशीन भरपाई देतंच. मग सिस्टच्या मागचा पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. तिथे ऊती वेगळ्या नसतात, फक्त भरपाई जास्त झालेली असते. वाटेत खडा आला तर उलटं होतं. खडा आवाज परतवतो आणि शोषतोही, मागे जायला काही उरत नाही आणि काळी सावली पडते. उजळ पट्टा आणि काळी सावली ही एकाच गृहीतकाची दोन टोकं आहेत, हे उत्तरात लिहिलंत तर परीक्षकाला समजतं की तुम्हाला विषय कळला आहे.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवूया. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखतं म्हणून एक बाई आल्या आहेत. पित्ताशयात 3 मिलीमीटरचा उजळ ठिपका दिसतो, मागे सावली नाही. हा खडा आहे का पॉलिप?

‘सावली नाही, म्हणजे पॉलिप’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. इथे तिसरं गृहीतक आड येतं. मशीनला वाटतं की आपला झोत सुईसारखा बारीक आहे. प्रत्यक्षात फोकसपासून दूर तो काही मिलीमीटर रुंद असतो. 5 मिलीमीटर रुंद झोतासमोर 3 मिलीमीटरचा खडा ठेवा. झोताचा काही भाग खड्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून जातो, मागून प्रतिध्वनी आणतो आणि सावली भरून टाकतो. खडा असूनही सावली दिसत नाही.

मग करायचं काय? फोकस नेमका त्या ठिपक्याच्या खोलीवर आणायचा. रुग्णाची जाडी परवानगी देत असेल तर जास्त फ्रीक्वेन्सी घ्यायची, कारण तिने झोत अरुंद होतो आणि खड्यातला क्षयही वाढतो. कंपाउंडिंग चालू असेल तर ते बंद करायचं. त्यात मशीन वेगवेगळ्या कोनांतून बघून चित्रं एकत्र करतं, चित्र गुळगुळीत होतं, पण सावलीही पुसट होते. आणि शेवटी बाईंना डाव्या कुशीवर वळवायचं. ठिपका घरंगळला तर पॉलिप नाही, कारण पॉलिप भिंतीला चिकटलेला असतो. मात्र उलट बाजूने सावध राहायचं. भिंतीला चिकटलेला किंवा मानेत अडकलेला खडाही हलत नाही. म्हणून सावली आणि हालचाल, दोन्ही मिळून निर्णय घ्यायचा.

शेजारीच ड्युओडेनम असतं, त्यातला वायूही सावली देतो. पण ती स्वच्छ काळी नसते, धुरकट असते. कारण वायूच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा आवाज परततो आणि पृष्ठभाग व प्रोब यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो. उशिरा येणारे हे प्रतिध्वनी सावलीच्या जागी राखाडी रेघा काढतात. थोडा वेळ थांबून बघितलं तर आतडं हलतं आणि चित्र बदलतं. खड्याची सावली तशी बदलत नाही.

शेवटचं गृहीतक वाटेचं. मशीन समजतं की आवाज सरळ गेला आणि त्याच वाटेने सरळ परत आला. पण फुप्फुसात हवा असते, त्यामुळे डायाफ्राम आणि हवा यांची सीमा आरशासारखी वागते. आवाज आधी त्या आरशावर आपटतो, तिथून यकृतातल्या गाठीकडे वळतो, आणि त्याच वळणाने परत येतो. प्रवास लांबला, म्हणून मशीन ती गाठ सरळ रेषेत पुढे, डायाफ्रामच्या पलीकडे काढतं. एकच हिमँजिओमा यकृतातही दिसतो आणि छातीतही.

हा आरसा ओळखायचा कसा? पलीकडची गाठ यकृतातल्या खऱ्या गाठीच्या समोरासमोर असते, आणि प्रोबचा कोन बदलला की तिची जागा सरकते किंवा ती नाहीशी होते. आता ‘प्ल्यूरल इफ्यूजनमध्ये काय होईल?’ असा प्रश्न आला तर उत्तर तुमच्याकडे आहे. तिथे डायाफ्रामला लागून हवेऐवजी पाणी असतं, आरसा जातो आणि प्रतिमाही जाते. म्हणूनच डायाफ्रामच्या वर यकृतासारखं पोत दिसलं तर फुप्फुस तिथे बहुधा हवेने भरलेलं आहे, आणि काळी मोकळी जागा दिसली तर पाणी साठलं आहे का ते बघायचं.

पुढच्या व्याख्यानात डॉपलरमधल्या एलियासिंगकडे वळूया.