सरासरी ९८ विरुद्ध ९२ : डार्ट्सच्या सामन्याचा भाव कसा काढायचा

मागच्या भागात डार्ट्सवर बोललो तेव्हा आकडे नुसते कानावरून गेले असणार, मलाच रेकॉर्डिंग ऐकताना जाणवलं. म्हणून हा भाग नीट लिहून काढतोय. बोलताना एक चूक मी घाईत उरकली होती, ती इथे सविस्तर मांडतो. कारण ती चूक माझीच होती.

झालं असं. डिसेंबर २०२५ मध्ये नितीन कुमारने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये रिचर्ड व्हीन्स्ट्राला ३-२ हरवलं. जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर आमच्या नवी पेठेतल्या कट्ट्यावर क्रिकेट सोडून डार्ट्सच्या गप्पा सुरू झाल्या. तिथेच दुकान असलेल्या मित्राने एक स्क्रीनशॉट दाखवला. त्याचा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्याने पाठवलेला. एका सामन्याचे दोन भाव होते : १.२० आणि ४.२०. मित्र म्हणाला, "तू इंजिनिअर ना रे, सांग की, १.२० घ्यावा का त्याने?"

मी रात्री बसून हिशेब केला आणि सांगितलं, "घ्यायला हरकत नाही." दुसऱ्या दिवशी चूक सापडली आणि उत्तर बरोबर उलटं झालं. ते कसं, हेच आज बघू. खेळाडूंना अ आणि ब म्हणू, आकडे सोयीसाठी गोल केलेत.

आधी दोन आकडे समजून घेऊ

लेग म्हणजे ५०१ वरून शून्यावर यायचं, शेवटचा डार्ट डबलमध्येच. एका पाळीत तीन डार्ट्स. तीन डार्ट्सची सरासरी म्हणजे एका पाळीमागे किती गुण कमी केले. चेकआउट टक्केवारी म्हणजे डबलवर मारलेल्या डार्ट्सपैकी किती लागले.

अ : सरासरी ९८, चेकआउट ४० टक्के. ब : सरासरी ९२, चेकआउट ३६ टक्के.

सरासरीवरून एक लेग संपवायला किती डार्ट्स लागतात ते काढता येतं :

```
डार्ट्स = 1503 / सरासरी        (1503 = 501 x 3)
डबलवरचे डार्ट्स = 1 / चेकआउट
```

अ ला १५.३ डार्ट्स लागतात, ब ला १६.३. फरक फक्त एका डार्टचा. आता डबलचा भाग वेगळा काढा. ४० टक्के म्हणजे एक डबल लागायला सरासरी २.५ डार्ट्स, ३६ टक्के म्हणजे जवळपास २.८. म्हणजे त्या एका डार्टच्या फरकातला पाऊण भाग गुण जमवण्यातून आलाय आणि पाव भाग डबलमधून.

माझी चूक इथेच. मी सरासरीवरून अ ला एका डार्टची आघाडी दिली, आणि मग "अ चं चेकआउटही चांगलं आहे" म्हणून वरून आणखी बोनस दिला. पण डबलवर चुकलेला प्रत्येक डार्ट सरासरीत आधीच मोजलेला असतो! गुण शून्य आणि डार्ट एक, त्यामुळे सरासरी खाली येते. उदाहरण घ्या. अ चं चेकआउट ४० वरून ३० वर आलं आणि गुण जमवण्याचा वेग तोच राहिला, तर डबलवर २.५ ऐवजी ३.३ डार्ट्स जातील, एकूण १६.२ च्या आसपास, आणि सरासरी ९८ वरून थेट ९३ वर येईल. म्हणजे सरासरी घेतली की चेकआउट त्यात आलंच. ते परत मिळवणं म्हणजे एकाच मालावर दोनदा पैसे लावणं.

मग चेकआउट कशाला बघायचं? सरासरी कुठे फसवते ते कळायला. हरलेल्या लेगमध्ये खेळाडू बऱ्याचदा डबलपर्यंत पोचतच नाही. त्याच्या वाट्याला फक्त गुण जमवण्याचा सोपा भाग येतो, आणि सरासरी फुगलेली दिसते. वारंवार तगड्या खेळाडूंकडून हरणाऱ्याची ९२ आणि जिंकणाऱ्याची ९२ एक नव्हे. फक्त जिंकलेले लेग धरले तर चूक उलट्या बाजूला जाते, कारण तिथे त्याचे वेगवान लेगच जास्त असतात. म्हणून मी आता गुण जमवण्याचा वेग सगळ्या लेगमधल्या डबलआधीच्या डार्ट्सवरून घेतो आणि त्यात `1 / चेकआउट` मिळवतो. अ आणि ब च्या वरच्या सरासऱ्या अशा दुरुस्त केलेल्याच धरा.

एका डार्टवरून एका लेगकडे

सरासरी डार्ट्स कळले तरी लेग कोण जिंकणार ते कळत नाही, कारण प्रत्येक लेग सरासरीइतकाच होत नाही. कितव्या पाळीत लेग संपेल याची विभागणी लागते. हिशेबासाठी अशी धरू, टक्क्यांत :

| कितव्या पाळीत संपवतो | अ | ब |
|---|---|---|
| ४ | १६ | १० |
| ५ | ४२ | ३४ |
| ६ | २९ | ३३ |
| ७ | १० | १५ |
| ८ | ३ | ८ |

शेवटच्या पाळीत साधारण दोन डार्ट्स वापरले असं धरलं तर ही विभागणी १५.३ आणि १६.३ शी जुळते.

आता महत्त्वाची गोष्ट : दोघांनाही पाचच पाळ्या लागणार असतील, तर आधी सुरुवात करणारा जिंकतो. दुसऱ्याची पाचवी पाळी येतच नाही. म्हणून अ ने सुरुवात केली तर "अ च्या पाळ्या ब पेक्षा कमी किंवा समान" याची शक्यता काढायची. टेबलवरून ती ७२.६ टक्के येते. ब ने सुरुवात केली तर ब जिंकतो ५४.६ टक्के वेळा, म्हणजे तो लेग अ कडे येतो ४५.४ टक्के वेळा. दोन्हींची सरासरी काढली तर अ एक लेग ५९ टक्के वेळा जिंकतो. सहा गुणांची आघाडी असूनही फक्त ५९!

लेगवरून सेट, सेटवरून सामना

जागतिक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत पाच सेटचा सामना असतो, जो आधी तीन जिंकेल तो पुढे. सेटही तसाच, आधी तीन लेग. सुरुवात लेगमागे लेग आलटून-पालटून होते, आणि सेटचा पहिला लेगसुद्धा सेटमागे सेट आलटून-पालटून.

हिशेबाला एक सोपी युक्ती आहे. पाचही लेग खेळले जातात असं समजायचं आणि त्यातले तीन किंवा जास्त जिंकण्याची शक्यता काढायची. ३-० नंतरचे लेग काल्पनिक असले तरी विजेता बदलत नाही.

```python
def best_of(n, a, b):
    d = [1.0]
    for i in range(n):
        p = a if i % 2 == 0 else b
        d = [(d[k] if k < len(d) else 0) * (1 - p)
             + (d[k-1] * p if k else 0)
             for k in range(len(d) + 1)]
    return sum(d[n//2 + 1:])

s1 = best_of(5, 0.726, 0.454)   # 0.72
s2 = best_of(5, 0.454, 0.726)   # 0.62
best_of(5, s1, s2)              # 0.81
best_of(5, s2, s1)              # 0.78
```

अ ने सेट सुरू केला तर तो सेट ७२ टक्के वेळा त्याचा, ब ने सुरू केला तर ६२ टक्के. सामन्याची सुरुवात कोण करणार हे बुलवर डार्ट मारून ठरतं. अ कडे गेली तर ८१, ब कडे गेली तर ७८. आधी माहीत नसेल तर मध्य, साधारण ७९.६ टक्के. भाव म्हणजे एक भागिले शक्यता : अ चा १.२६, ब चा ४.९०.

फॉरमॅट बदला आणि खेळाडू तेच ठेवा, मग गंमत बघा. अकरा लेगच्या छोट्या सामन्यात अ जिंकतो ७३-७४ टक्के वेळा. पाच सेटमध्ये ८०. अंतिम सामन्यासारख्या तेरा सेटमध्ये सुमारे ९०. फॉरमॅट जितका लांब तितका छोटा फरक मोठा होतो. जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात ल्यूक लिटलर आणि मायकल व्हॅन गर्वेन यांच्या सरासरीत जेमतेम दोन गुणांचा फरक होता, पण स्कोअर लागला ७-३. स्कोअर बघून वाटतं की एकतर्फी झालं, पण लेगमागे आघाडी किंचितच होती. म्हणूनच सरासरीवरून थेट भाव सांगणारा तक्ता कुणी दिला, तर पहिला प्रश्न विचारा : कुठल्या फॉरमॅटसाठी?

आता तो स्क्रीनशॉट

१.२० भाव परवडायला अ ने निदान ८३.३ टक्के वेळा जिंकायला हवं. माझ्या चुकीच्या हिशेबात, चेकआउटचा पाव डार्ट दोनदा मोजल्यामुळे, अ ची शक्यता ८५ च्या आसपास आली होती. म्हणून मी "घे" म्हणालो. बरोबर हिशेबात ती ७९.६ आहे. म्हणजे १.२० स्वस्त नव्हता, महाग होता.

मित्राने लगेच विचारलं, "मग ४.२० वाला घ्यायचा का?" तोही नाही. त्याला २३.८ टक्के लागतात, ब कडे आहेत २०.४. दोन्ही भावांची शक्यता मिळवा : ८३.३ अधिक २३.८ म्हणजे १०७.१. वरचे सात टक्के दुकानदाराचे. एक बाजू महाग निघाली म्हणून दुसरी स्वस्त होत नाही.

आणि ७९.६ लाही फार चिकटून बसू नका. दहा लेग जिंकताना डबलवर २५ डार्ट्स मारले तर चेकआउट ४० टक्के दिसतं, पण २५ डार्ट्सच्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने दहा टक्के इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. हजार डार्ट्स असतील तर हाच हेलकावा दीड टक्क्यावर येतो. एका सामन्याचं चेकआउट बघून मॉडेल हलवत असाल तर तुम्ही गोंगाटाला भाव लावताय. शिवाय आपण प्रत्येक लेग स्वतंत्र धरला, आणि काही फेऱ्यांमध्ये निर्णायक सेट दोन लेगच्या फरकाने जिंकावा लागतो तेही सोडून दिलं. हे बदल छोटे आहेत, पण आपल्या चार टक्क्यांच्या निष्कर्षाला धक्का लावण्याइतके होऊ शकतात.

चुकीचा हिशेब पकडायची माझी पद्धत आता साधी आहे. चेकआउट दहा टक्क्यांनी खाली करायचं, गुण जमवण्याचा वेग तोच ठेवायचा, आणि मॉडेलमधली सरासरी आपोआप पाचेक गुणांनी उतरते का ते बघायचं. सरासरी जागची हलली नाही आणि भाव मात्र हलला, तर समजा कुठेतरी दोनदा मोजणी होतेय.

जाता जाता : ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने आपल्याकडे पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद आहेत, त्यामुळे हा सगळा खटाटोप वहीपुरता. मित्राच्या चुलतभावाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज केला, "माझं कालचं उत्तर चुकलं, थांब." त्याने तोवर पैसे लावले नव्हते. सामना कोण जिंकलं ते मुद्दाम सांगत नाही. अ जिंकला असता तरी १.२० महागच होता.

पुढच्या भागात भेटू.