प्रगतिपत्रकातला शेरा इंग्रजीत नेताना नेमकं काय बदलतं?

समजा, मुलुंडच्या मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलाचे बाबा नुकतेच लंडनला गेलेत. मुलाच्या तिथल्या प्रवेशासाठी त्यांना प्रगतिपत्रक इंग्रजीत हवंय.

पत्रकात ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात लिहिलंय: ‘बेरीज करताना अधूनमधून हातचा विसरतो.’ रकान्याच्या नावाचं शब्दशः भाषांतर होतं ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’. परदेशात अनेक ठिकाणी हीच कमी दर्जाची श्रेणी असते. आपल्याकडे मात्र तो पत्रकावर छापलेला रकाना आहे, हुशार मुलाच्या पत्रकातही असतो. म्हणून तिथे ‘एरियाज टू वर्क ऑन’ बरं.

‘हातचा’ म्हणजे हात नव्हे! इथे ‘समटाइम्स फरगेट्स टू कॅरी ओव्हर इन अ‍ॅडिशन’ असं लिहावं. ‘अधूनमधून’ गाळलं, तर चूक कायमची वाटते. पण शेरा गोड करण्यासाठी तो गाळूही नये. नव्या शिक्षकांना नेमकी तीच माहिती हवी असते.

श्रेणीचंही तसंच. ‘ब-२’चं नुसतं ‘बी-टू’ केलं, तर तिकडे अर्थबोध होत नाही. पुढे ‘६१ ते ७० टक्के’ लिहावं. मूळ मराठी पत्रकाची प्रत सोबत जोडावी.