अक्षरांसाठी राखलेलं आभाळ

स्लाइडवर फोटो वापरताना बहुतेक जण आधी फोटो लावतात आणि मग मजकुरासाठी जागा शोधू लागतात. ती सापडत नाही, म्हणून अक्षरं कुणाच्या चेहऱ्यावर किंवा झाडाच्या फांद्यांत जाऊन बसतात. प्रत्यक्षात मजकुराची जागा ठरते ती फोटो कापताना. त्यामुळे कातरण आणि मजकूर यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

सातारा जिल्ह्यातल्या कास पठाराचं उदाहरण घेऊ. पश्चिम घाटाचा भाग म्हणून या पठाराला २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. समजा, त्यावरच्या व्याख्यानाची पहिली स्लाइड करायची आहे. हाताशी मोबाइलवर आडवा काढलेला एक फोटो आहे. त्यात वरच्या तिसऱ्या हिश्शात पावसाळी पांढुरकं आभाळ आहे, खाली तेरड्याचा गुलाबी-जांभळा गालिचा आहे आणि मधे लांबवर एक माणूस उभा आहे. स्लाइडवर दोन ओळींचं शीर्षक हवं आहे.

मोबाइलचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो, म्हणजे ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० उंच. आजच्या स्लाइडचं प्रमाण १६:९ असतं. पूर्ण रुंदी ठेवून फोटो त्या प्रमाणात बसवला की उंची २२५० पिक्सेल उरते. चौथा हिस्सा जाणारच. तो कुठून जावा, हे ठरवणं एवढंच हातात असतं. पॉवरपॉइंटमध्ये Picture Format या टॅबवर Crop, मग Aspect Ratio आणि 16:9 निवडलं, की वरून आणि खालून सारखाच भाग छाटला जातो. कासच्या फोटोत त्यामुळे आभाळ स्लाइडच्या जेमतेम २८ टक्के उंचीचं राहतं. मोठ्या अक्षरातल्या दोन ओळी त्यात कशाबशा मावतात, पण श्वास घ्यायला जागा उरत नाही. Crop चालू असतानाच फोटो खाली ओढला आणि सगळी कपात तळाच्या फुलांतून केली, तर आभाळ ४४ टक्क्यांवर येतं. तळाची फुलं कॅमेऱ्याच्या अगदी जवळची आणि धूसर असतात, ती गेल्यानं काही बिघडत नाही. लांबवरचा माणूस मात्र कापू नये. पठार केवढं पसरलेलं आहे, हे त्याच्यावरूनच कळतं.

अशा पांढुरक्या आभाळावर गडद अक्षरं घेतली, की फोटोवर दुसरा कोणताही संस्कार करावा लागत नाही. हा सगळ्यांत चांगला मार्ग, कारण फोटो जसा आहे तसा राहतो. सवयीनं पांढरी अक्षरं घेतली, तर ती ढगात विरून जातात.

फोटो स्लाइडच्या चारही कडांपर्यंत नेला, की पाहणाऱ्याला चौकट जाणवत नाही आणि दृश्य मोठं वाटतं. त्यासाठी फोटो कोपऱ्याच्या ठिपक्यानं ओढून मोठा करावा. बाजूच्या ठिपक्यानं ओढला तर माणसं रुंद किंवा लांबुळकी होतात. कडेला केसाएवढी पांढरी रेघ राहिली, तर पडद्यावर ती हमखास दिसते, म्हणून फोटो स्लाइडच्या किंचित बाहेर गेलेला बरा. बाहेरचा भाग दिसत नाही. फोटो Send to Back ने मागे पाठवला, की मजकूर वर येतो.

पडदाभर पसरणाऱ्या फोटोची रुंदी निदान १९२० पिक्सेल असावी. कासच्याच फोटोतून एक फूल कापून ते दुसऱ्या स्लाइडभर पसरायचं ठरवलं, तर हाती पाच-सहाशे पिक्सेलचा तुकडा येतो आणि पडद्यावर पाकळीऐवजी धुरकट चौकोन दिसतात. जवळचं चित्र हवं असेल, तर ते जवळूनच काढलेलं हवं. उभ्या फोटोचंही असंच. तो १६:९ मध्ये कोंबला तर निम्म्याहून अधिक भाग जातो. त्यापेक्षा तो स्लाइडच्या एका बाजूला पूर्ण उंचीचा, तीन कडांना भिडलेला ठेवावा. तो सुमारे ४२ टक्के रुंदी व्यापतो आणि उरलेल्या सपाट भागात मजकूर निवांत बसतो.

खरी अडचण येते ती मजकूर फुलांवरच लिहायचा असेल तेव्हा. फिकट पाकळीवर पांढरं अक्षर हरवतं आणि गडद पानावर काळं. एका रंगानं दोन्हींवर निभत नाही. देवनागरीत हा धोका अधिक आहे. पानांच्या ठिपक्यांत अनुस्वार मिसळला की ‘वंश’चा ‘वश’ होतो. पायऱ्या, तारा किंवा दगडी चिरे यांच्या आडव्या रेषा शिरोरेषेशी भांडतात. वरच्या-खालच्या मात्रांमुळे दोन ओळींतलं अंतरही जास्त लागतं. म्हणून फोटोवर बारीक रेघांचा टाइप टाळावा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त किंवा बलू यांसारखा फॉन्ट जाड वजनात घ्यावा आणि ओळींतलं अंतर १.२ ते १.३ पट ठेवावं.

यावर उपाय म्हणजे फोटो आणि अक्षरं यांच्यामध्ये काळा, अर्धपारदर्शक पडदा. तो किती गडद हवा, हे मोजता येतं. वेबवरच्या सुगम्यतेच्या नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या मजकुराला ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ तरी असावं, असं मानलं जातं. स्लाइडलाही तोच हिशेब लावायला हरकत नाही. पांढऱ्या अक्षरांखाली अगदी पांढरी पाकळी आली, असं धरून चालू. पडदा ५० टक्के काळा असेल, तर गुणोत्तर चारच्या आसपास येतं. शीर्षकाला ते चालेल, बारीक ओळींना कमी पडेल. ६० टक्क्यांवर ते साडेपाचच्या पुढे जातं. पॉवरपॉइंटमध्ये आकडा उलटा भरायचा असतो. ६० टक्के काळा म्हणजे Transparency 40%.

असा पडदा सगळ्या फोटोवर टाकला, तर फुलांचा रंगच मरतो आणि फोटो लावण्याचं कारण उरत नाही. म्हणून तो मजकुराच्या बाजूलाच ठेवून पुढे विरत न्यावा. एक आयत काढून त्याची कडरेघ काढून टाकावी आणि त्यात Gradient fill निवडावं. इथे एक चूक सर्रास होते. पडदा डावीकडून लगेच विरायला लागतो आणि ओळींची उजवी टोकं पुन्हा फुलांत बुडतात. त्यासाठी तीन काळे थांबे ठेवावेत. पहिला सुरुवातीला आणि दुसरा मजकूर संपतो तिथे, दोन्ही ४० टक्के पारदर्शक. तिसरा शेवटी, १०० टक्के पारदर्शक. म्हणजे अक्षरांखालचा काळेपणा एकसारखा राहतो आणि उतार त्यानंतर सुरू होतो.

जमलं की नाही, हे स्वतःच्या लॅपटॉपवर नीट कळत नाही, कारण मजकूर पाठ झालेला असतो. स्लाइड चित्र म्हणून साठवून ते राखाडी छटांत पाहिलं, की रंगाच्या भरवशावर उठून दिसणारी अक्षरं उघडी पडतात. लाल फुलांवरची हिरवी अक्षरं बुडू शकतात. Slide Sorter मधल्या छोट्या चित्रात शीर्षक वाचता येत नसेल, तर ते मागच्या रांगेलाही वाचता येणार नाही. सभागृहात आणखी एक मर्यादा आड येते. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. दिवे चालू असताना पडदा जितका उजळ दिसतो, तितकाच त्यावरचा काळा. त्यामुळे संध्याकाळचे, सावल्यांनी भरलेले फोटो उजेडात राखाडी चिखलासारखे होतात आणि अर्धपारदर्शक पडदाही फिका पडतो. खोली अंधारी करता येणार नसेल, तर फोटो उजळ निवडावा आणि मजकूर सरळ भरीव पट्टीवर घ्यावा.

Crop ने कापलेला भाग फक्त लपतो, फाइलमधून जात नाही. फाइल दुसऱ्याकडे गेली, तर तो Crop उघडून बाजूला कापलेली माणसं किंवा गाडीचा नंबर पाहू शकतो. Compress Pictures मध्ये Delete cropped areas of pictures ही खूण केल्यावरच तो भाग पुसला जातो आणि फाइलही हलकी होते. त्यानंतर कातरण सरकवता येत नाही, म्हणून मूळ फोटो आधी वेगळा जपून ठेवावा लागतो.