एका पानाचे दरपत्रक

‘इंग्रजीतून मराठी अनुवादाला किती घेता?’ एवढ्या एका ओळीची चौकशी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनुवादकाकडे वारंवार येते. विचारणाऱ्याला आकडा हवा असतो आणि अनुवादकाला मजकूर पाहिल्याशिवाय तो सांगता येत नाही. ही अडचण एका पानाचे दरपत्रक बरीचशी दूर करते. ते वाचून ग्राहकाला आपल्या कामाचा अंदाजे खर्च स्वतः काढता आला, की दरपत्रकाचे काम झाले. त्या हिशेबाला जे उपयोगी पडत नाही, त्याला पानावर जागा नाही.

दरपत्रक आणि कोटेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. कोटेशन एका ठरावीक कामासाठी, मजकूर पाहून दिलेले असते आणि त्यातली रक्कम देणाऱ्यावर बंधनकारक मानली जाते. दरपत्रक सर्वांसाठी एकच असते. म्हणून ‘नक्की रक्कम मजकूर पाहून कळवली जाईल’ हे वाक्य आणि ‘हे दर अमुक तारखेपर्यंत लागू’ ही ओळ दरपत्रकात असायलाच हवी. तारीख नसेल, तर दोन वर्षांपूर्वीचे पान कुणाच्या तरी फोनमधून बाहेर येते आणि जुन्याच दराचा आग्रह सुरू होतो.

पानाचा गाभा म्हणजे मोजणीचे एकक. अनुवादात शब्दामागे दर लावण्याची पद्धत रूढ आहे, पण शब्द कोणते मोजायचे हे लिहिलेले नसले की बिलाच्या वेळी वाद होतो. इंग्रजीतल्या ‘ऑफ’, ‘इन’ यांसारख्या सुट्या शब्दांचे काम मराठीत बहुधा विभक्तिप्रत्यय करतात आणि ते शब्दाला जोडून येतात. ‘इन द हाउस ऑफ द फार्मर’ हे सहा शब्द मराठीत ‘शेतकऱ्याच्या घरात’ असे दोनच होतात. त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या मराठी अनुवादात शब्दसंख्या साधारणपणे घटते. मूळ मजकुरातले शब्द मोजायचे असे ठरवले, तर रक्कम काम सुरू होण्याआधीच दोघांनाही कळते. अनुवादातले शब्द मोजायचे ठरवले, तर ती काम संपल्यावर कळते, शिवाय नेटके, आटोपशीर लिहिणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून ‘दर मूळ मजकुराच्या शब्दसंख्येवर’ हे शब्द दराच्या शेजारीच छापावेत, तळटीपेत ढकलू नयेत.

पानामागे दर लावणारेही आहेत. तसे करायचे असेल, तर एक पान म्हणजे किती शब्द हे लिहावे लागते. अक्षराचा आकार आणि ओळींमधले अंतर बदलले की एका पानावर दुप्पट मजकूरही मावतो.

दुसरा आकडा किमान शुल्काचा. जन्मदाखल्यात शंभर-सव्वाशे शब्द असतात. शब्दामागे 3 रुपये धरले, तर त्याचे 300-375 रुपये होतात. पण नावांचे लेखन पुन्हा पुन्हा तपासणे, तक्ता जसाच्या तसा उतरवणे, पत्रव्यवहार आणि बिल यांत जाणारा वेळ शब्दसंख्येत दिसत नाही. ‘कोणत्याही कामाचे किमान शुल्क 600 रुपये’ अशी ओळ असली, की लहान कामाची घासाघीस सुरूच होत नाही.

दरात काय येते हेही एका वाक्यात सांगावे: अनुवाद, एक वाचन आणि ग्राहकाने सुचवलेल्या दुरुस्त्यांची एक फेरी. मूळ मजकूर मध्येच बदलला, तर वाढीव शब्दांचे पैसे वेगळे. पानांची मांडणी, म्हणजे डीटीपी, करून हवी असेल तर तिचा दर वेगळा लिहावा. अनुवाद आला म्हणजे छपाईला तयार फाइल आली, असा अनेक ग्राहकांचा समज असतो. स्कॅन केलेल्या किंवा हस्तलिखित मजकुराचे शब्द संगणकाला सरळ मोजता येत नाहीत. त्यासाठी ‘पाहून सांगू’ एवढे पुरे.

यानंतर एक सोडवलेले उदाहरण द्यावे. पानावरचा सर्वांत उपयोगी भाग तोच. समजा, एका कंपनीचे 1,600 शब्दांचे, आठ पानांचे माहितीपत्रक आहे. शब्दामागे 3 रुपयांप्रमाणे अनुवादाचे 4,800 रुपये, मांडणीचे पानामागे 150 रुपयांप्रमाणे 1,200 रुपये, एकूण 6,000. त्यातले 3,000 आगाऊ आणि उरलेले काम दिल्यावर. मुदत चार कामाचे दिवस. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. एवढे वाचले, की पाच हजार शब्दांचे काम असलेला माणूसही आपला हिशेब मनातल्या मनात करू शकतो.

जीएसटीबद्दल एक ओळ लागते. नोंदणी असेल, तर दरात कर धरला आहे की तो वर लागेल हे स्पष्ट करावे. नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही, म्हणून त्याने ‘जीएसटी वेगळा’ असे सवयीने छापू नये.

आता गाळायच्या गोष्टी. पहिली म्हणजे ‘1 ते 5 रुपये’ असा पल्ला. ग्राहक 1 वाचतो, अनुवादक 5 धरून बसलेला असतो. ‘दरात तडजोड शक्य’ हे शब्दही काढावेत, कारण त्यानंतर छापील दराला काही अर्थ उरत नाही. मोठ्या कामाला सवलत द्यायची असेल, तर ती त्या कामाच्या कोटेशनमध्ये द्यावी. दरपत्रकात छापलेली सवलत दोनशे शब्दांचे काम आणणाराही मागतो.

बँक खाते, पॅन आणि घरचा पत्ता या पानावर नको. दरपत्रक एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि ते कुणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. हा तपशील बिलावर शोभतो. जुन्या ग्राहकांची नावे त्यांच्या परवानगीशिवाय देऊ नयेत. गोपनीयतेच्या अटीवर केलेल्या कामात तर तो करारभंग ठरू शकतो. शिक्षण आणि अनुभव दोन ओळींत संपवावा. वर्षातून एखाद्या वेळी केलेली कामे, जसे दुभाषाचे काम किंवा उपशीर्षके, यादीत घालू नयेत. अशी यादी लांबली, की मुख्य काम कोणते हे वाचणाऱ्याला कळत नाही. रद्द करणे, उशीर, हक्क यांच्या सविस्तर अटी करारात किंवा कोटेशनमध्ये जाव्यात.

पान पीडीएफ स्वरूपातच पाठवावे. वर्डची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसल्यास विस्कटते आणि तिच्यातले आकडेही बदलता येतात. बरेच ग्राहक ते फोनवरच उघडतात, म्हणून अक्षर मोठे आणि रकाने दोनच ठेवावेत.

पान पाठवल्यावरही तोच प्रश्न दोन-तीन ग्राहकांनी विचारला, तर त्याचे उत्तर पानावर नाही किंवा सापडत नाही, असे समजून पुढच्या आवृत्तीत ती ओळ घालावी आणि तिच्यासाठी दुसरी एखादी ओळ काढावी.