सदुसष्टावा मणी

शहरातल्या सोसायट्यांमध्ये हल्ली पहाटे दोन प्रकारचं दूध येतं. एक नेहमीचं पिशवीचं. दुसरं काचेच्या बाटलीतलं, वर वशिंडवाल्या गायीचं चित्र आणि ‘ए२’ अशी ठळक अक्षरं. बाटलीचा रतीब पिशवीच्या दुप्पट, कधी त्याहून महाग पडतो. तो लावणाऱ्यांचं म्हणणं एकच असतं: “साध्या दुधाने पोट फुगायचं, गीरच्या दुधाने काही होत नाही.” या अनुभवात तथ्य किती आणि जाहिरात किती, हे पाहायचं तर आधी या ‘ए२’ची ओळख करून घ्यायला हवी.

गायीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन असतं. दूध नासलं की पनीर म्हणून जे हाती येतं, ते मुख्यतः हेच. केसीनचा एक प्रकार म्हणजे बीटा-केसीन. ही २०९ अमिनो आम्लांची माळ आहे असं समजा. ‘ए१’ आणि ‘ए२’ या माळांमध्ये ६७वा मणी तेवढा वेगळा असतो: ए२मध्ये तिथे प्रोलीन असतं, ए१मध्ये हिस्टिडीन. मूळची माळ ए२ची. युरोपातल्या गायींमध्ये काही हजार वर्षांपूर्वी हा एक मणी बदलला आणि ए१ तयार झालं.

एका मण्याने काय बिघडतं? पोटातली विकरं ही माळ तोडत जातात. प्रोलीन असेल तर त्या जागी माळ सहजी तुटत नाही. हिस्टिडीन असेल तर तुटते, आणि तिच्या आधीचे सात मणी एकत्र सुटे होतात. या तुकड्याचं नाव बीसीएम-७. तो अफूतल्या द्रव्यांसारखा वागतो, म्हणजे आतड्याची हालचाल मंदावू शकतो. ए२च्या बाजूने केला जाणारा सगळा युक्तिवाद या तुकड्यावर उभा आहे. युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, पण माणसाच्या पोटात तसं घडतं का, हे वेगळं तपासावं लागतं.

अशा तपासण्या झाल्या आहेत. २०१६ साली चीनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दूध पचत नाही असं स्वतः सांगणाऱ्या ४५ प्रौढांनी दिवसातून दोनदा २५० मिलिलिटर दूध दोन आठवडे घेतलं. एका फेरीत साधं, दुसऱ्या फेरीत फक्त ए२. कुठलं दूध कधी मिळतंय, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. साध्या दुधावर पोटाच्या तक्रारी वाढल्या, ए२वर त्या मानाने कमी राहिल्या. म्हणजे दाव्यात काहीच नाही, असं म्हणता येत नाही. पण प्रयोग लहान होता आणि त्याचा खर्च ए२ दूध विकणाऱ्या कंपनीने केला होता. या विषयावरच्या बऱ्याच प्रयोगांची हीच कथा आहे.

मधुमेह, हृदयविकार, स्वमग्नता हे सगळं ए१ दुधामुळे होतं, हा मोठा दावा मात्र टिकलेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा बीसीएम-७ आणि या आजारांमध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

आणखी एक गोष्ट बाटलीवर छापलेली नसते. ए२चा व्यापार न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात सुरू झाला तो गीर किंवा खिल्लारच्या दुधावर नव्हे. तिथल्याच युरोपीय वंशाच्या गायींमधून जनुक तपासून ए२ गायी निवडल्या गेल्या. म्हणजे एखादी होलस्टीनसुद्धा शंभर टक्के ए२ दूध देऊ शकते. उलट, देशी गायींमध्ये ए२ जवळजवळ सरसकट आढळतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत देशी गायींमध्ये ए२ जनुकाचं प्रमाण ९८ टक्क्यांहून जास्त निघालं. आणि म्हशींमध्ये? तिथे ए२च निघालं. म्हणजे चौकातला गवळी म्हशीचं जे दाट दूध घालतो, तेही ए२च. त्यासाठी वेगळी बाटली नको आणि वेगळा भावही नको. ए१ येतं ते मुख्यतः एचएफ, जर्सी आणि त्यांच्या संकरित गायींच्या दुधातून, तेही सगळ्यांच्या नाही.

आता पोट फुगण्याकडे येऊ. दुधाने गॅस होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण प्रथिन नसून दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, असतं. ती तोडणारं लॅक्टेज हे विकर बाळपणी भरपूर असतं. पुढे अनेकांमध्ये कमी होत जातं. न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू ती आंबवतात, मग गुडगुड, गॅस, जुलाब. गीर असो, जर्सी असो की म्हैस, पेलाभर दुधात दहा-बारा ग्रॅम लॅक्टोज असतंच. ए२ने त्यात काही फरक पडत नाही. ज्याला पेलाभर दूध सोसत नाही पण वाटीभर दही सोसतं, त्याचा त्रास बहुधा लॅक्टोजचा असतो, कारण विरजणातले जिवाणू ती साखर काही प्रमाणात आधीच संपवतात.

स्वतःपुरतं खरं-खोटं करायचं असेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. साधं गायीचं दूध, ए२ गायीचं दूध आणि लॅक्टोजमुक्त दूध, अशी तीन आणा; स्निग्धांश शक्य तितका सारखा पाहा. साधं दूध निवडताना म्हशीचं किंवा मिश्र दूध घेऊ नका, नाहीतर तुलनाच फसेल. घरातल्या दुसऱ्या कोणी रोज तेवढंच दूध उकळून पेल्यात ओतायचं आणि कुठलं कोणत्या आठवड्यात दिलं, ते लपवून लिहून ठेवायचं. पिणाऱ्याने फक्त रोजच्या तक्रारी टिपायच्या. शेवटी दोन्ही वह्या जुळवा. लॅक्टोजमुक्त दुधावरच आराम पडला तर कारण साखर. ए२वर पडला आणि साध्यावर नाही, तोही पुन्हा एका फेरीत, तर बाटलीचे पैसे तुमच्यापुरते वसूल. तिन्हींवर सारखंच वाटलं तर रतीब बदलायचं कारण नाही. मात्र दुधाने अंगावर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल तर ती प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. ए२ हेही दुधाचंच प्रथिन आहे, त्यामुळे तिथे प्रयोग नको, डॉक्टरच हवेत.

राहता राहिलं ‘ए२ तूप’. दह्याचं ताक करून लोणी काढलं की बहुतेक प्रथिनं ताकात जातात. लोणी कढवल्यावर उरलेली तळाच्या बेरीत बसतात. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. ज्या प्रथिनाचं नाव डब्यावर छापलंय, ते डब्यात नसतंच. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ला दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवरचे ए१-ए२चे दावे काढायला सांगितले होते, पण पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. त्यामुळे दुकानात हे डबे अजून दिसतात. देशी गायीचं तूप चवीला आवडतं म्हणून जरूर घ्या, पण ‘ए२’ या दोन अक्षरांसाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.