उंटाच्या हाडावरून ग्रंथात

कागद मिळतच नसेल तर तुम्ही कशावर लिहाल? चौदाशे वर्षांपूर्वी अरबस्तानातल्या मदिना शहरात लोक उंटाच्या खांद्याच्या हाडावर लिहीत. हे हाड रुंद आणि चपटं असतं, वाळलं की पांढरं पडतं. पानं काढलेला खजुराच्या फांदीचा देठ, पातळ पांढरे दगड, चामड्याचे तुकडे, जे हाताला लागेल त्यावर लिहिलं जाई.

मुसलमानांच्या श्रद्धेनुसार कुराण पैगंबर मुहम्मद यांच्यावर एकदम उतरलं नाही. साधारण २३ वर्षं ते थोडं थोडं उतरत गेलं. नवीन आयती आल्या की लिहिता येणारे साथीदार त्या अशा वस्तूंवर टिपून ठेवत. पण खरा साठा हाडांवर नव्हताच, तो माणसांच्या डोक्यात होता. लोक ऐकत, म्हणत, पुन्हा म्हणत आणि पाठ करत.

६३२ साली पैगंबरांचं निधन झालं. त्यानंतर काही महिन्यांतच यमामा इथे मोठी लढाई झाली आणि कुराण पाठ असलेली पुष्कळ माणसं तिथे मारली गेली. पुढे दुसरे खलिफा झालेले हजरत उमर यांना घोर लागला. अशा आणखी दोन-चार लढाया झाल्या तर? त्यांनी पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांना सांगितलं, सगळं एकत्र लिहून घ्या. अबू बक्र आधी तयारच होईनात. जे काम खुद्द पैगंबरांनी केलं नाही, ते आपण कसं करायचं? शेवटी ते पटले आणि काम आलं झैद इब्न साबित या तरुणावर. हा झैद पैगंबरांचा लेखनिक होता. एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी तो मला इतका जड वाटला नसता, असं तो नंतर म्हणाल्याची नोंद आहे.

आता झैदची पद्धत बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. तो आठवणीतून भराभर लिहीत सुटला नाही. त्याने लोकांकडची हाडं, देठ, चामड्याचे तुकडे मागवले. लिहिलेलं दाखवा, आणि ते पैगंबरांसमोरच लिहिलं होतं याचे दोन साक्षीदार आणा, असा नियम होता असं परंपरा सांगते. एका सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, शेवटच्या दोन आयती काही केल्या लिहिलेल्या सापडेनात. शोधता शोधता त्या अबू खुझैमा अन्सारी नावाच्या एकाच माणसाकडे निघाल्या.

थांबा, इथे जरा डोकं चालवा. त्या दोन आयती हरवल्यात हे झैदला कळलं कसं? नुसता तुकड्यांचा ढीग समोर असता तर कळलंच नसतं! त्या त्याला तोंडपाठ होत्या, म्हणून तर तो त्या शोधत होता. पाठांतर लिखाणाला तपासत होतं आणि लिखाण पाठांतराला.

अशी तयार झालेली पानं आधी अबू बक्र यांच्याकडे राहिली, मग उमर यांच्याकडे, आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी हफ्सा हिच्याकडे. हफ्सा पैगंबरांची पत्नीही होती.

पुढच्या वीस वर्षांत अरबांचं राज्य झपाट्याने पसरलं. इराकमधल्या कुफा शहरात लोक इब्न मसऊद या गुरूंकडून कुराण शिकले, तर सीरियात दुसऱ्या गुरूंच्या पाठाचा रिवाज होता. सीरियाचे आणि इराकचे सैनिक आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेत एकत्र आले आणि जुंपली. तू चुकीचं म्हणतोस, नाही, तूच! हुझैफा नावाच्या सरदाराने हे पाहिलं आणि तो थेट मदिनेत तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. हे भांडण वाढायच्या आत काहीतरी करा, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट साधारण ६५० सालची.

उस्मान यांनी हफ्साकडची पानं मागवून घेतली आणि झैदसोबत मक्केच्या कुरैश कुळातले तिघे बसवले. शब्द कसा लिहायचा यावर मतभेद झाला तर कुरैशांच्या बोलीप्रमाणे लिहा, असं सांगितलं. मतभेद झालाच! ‘ताबूत’ म्हणजे पेटी. झैद मदिनेचा, तो म्हणाला शेवटी ‘ह’ लिहू. कुरैश म्हणाले ‘त’. खलिफांपर्यंत प्रकरण गेलं आणि ‘त’ ठरला.

मग प्रती तयार करून कुफा, बसरा, सीरिया अशा ठिकाणी धाडल्या आणि इतर लिखाणं जाळायला लावली. जाळणं सगळ्यांना आवडलं नाही. इब्न मसऊद तर चांगलेच नाराज झाले. मला विचाराल तर त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण त्यांनी बऱ्याच सूरा खुद्द पैगंबरांच्या तोंडून ऐकून पाठ केल्या होत्या.

एवढ्याने काम संपलं असेल असं वाटतंय? तर मग हा शब्द वाचा: मल. आता समजा मराठीत काना, मात्रा, वेलांटी काहीच लिहायची पद्धत नाही. मग हे मूल आहे, माल आहे, मोल आहे, मैल आहे की मला? तेव्हाची अरबी लिपी बरीचशी अशीच होती. ऱ्हस्व स्वर लिहीत नसत, दीर्घ ‘आ’ पुष्कळदा गाळत आणि अक्षरांवरचे ठिपकेही क्वचितच देत. ठिपके काढले तर शब्दाच्या मधले ब, त, न, य हे सगळे एकाच छोट्या दातासारखे दिसतात.

म्हणून परंपरा सांगते की प्रतींबरोबर म्हणून दाखवणारे गुरूही पाठवले. कुफ्यात अबू अब्दुर्रहमान सुलमी यांनी वर्षानुवर्षं मशिदीत बसून पाठ दिला. पुस्तक होतं, पण ते वाचायचं कसं हे गुरूच्या तोंडूनच शिकायचं.

कुराणाच्या पहिल्याच सूरेत एक मजेदार जागा आहे. तिथे म, ल, क एवढीच अक्षरं लिहिली आहेत. आपल्याकडे प्रचलित असलेल्या पाठात ते ‘मालिक’ म्हणतात, म्हणजे धनी. मोरोक्कोत ‘मलिक’ म्हणतात, म्हणजे राजा. दोन्ही बरोबर मानले जातात, कारण दोन्ही उच्चार गुरूंच्या साखळीतून आले आहेत. नुसती अक्षरं पाहिली तर ‘मुल्क’सुद्धा वाचता येईल, पण तसं कोणत्याच गुरूने शिकवलेलं नाही, म्हणून तसं कोणी म्हणत नाही.

पुढे अरबी मातृभाषा नसलेले लोक मुसलमान झाले आणि वाचताना अडखळू लागले. तेव्हा बसऱ्याच्या अबुल अस्वद दुअली या पंडिताने एक युक्ती काढली. लेखनिकाला समोर बसवलं, वेगळ्या रंगाची शाई दिली आणि सांगितलं, माझ्या ओठांकडे बघ. मी तोंड उघडलं तर अक्षराच्या वर ठिपका दे, ओठ आवळले तर अक्षराच्या पुढे, आणि ओठ खाली ओढले तर खाली. झाले अ, उ आणि इ! काळ्या अक्षरांभोवती लाल ठिपके असलेली जुनी पानं आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. नंतर ठिपक्यांच्या जागी छोट्या रेघा आल्या. तुमच्या वर्गात कुराण शिकणारा कोणी असेल तर त्याला विचारा. जबर, जेर आणि पेश ही त्या खुणांची नावं तो चटकन सांगेल.

एवढ्या खुणा आल्या, छापखाने आले, तरी पाठांतर सुटलेलं नाही. रमजानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजात हाफिज न बघता सगळं कुराण महिनाभरात म्हणतो. त्याच्या मागच्या रांगेत बहुधा दुसरा हाफिज उभा असतो. पहिला एका शब्दाला जरी चुकला तरी मागचा तिथल्या तिथे बरोबर शब्द मोठ्याने सांगतो. याला लुकमा देणं म्हणतात. पुढचा तो शब्द दुरुस्त करून घेतो आणि पाठ पुढे चालू होतो.