राज्य कबड्डी संघात निवड: परिपाठातली घोषणा

महाराष्ट्रातल्या शाळेत दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना झाल्यावर सुविचार, दिनविशेष, बातम्या असा क्रम चालतो. शाळेतल्या मुलाची किंवा मुलीची राज्याच्या कबड्डी संघात निवड झाली, की ती वार्ता बहुतेक ठिकाणी याच बातम्यांच्या पाठोपाठ सांगितली जाते. सांगणारे मुख्याध्यापक असतात, क्रीडाशिक्षक असतात किंवा त्या दिवशी परिपाठ चालवणाऱ्या वर्गातला एखादा विद्यार्थी असतो. ऐकणारी मुले उन्हात रांगा करून उभी असतात, त्यामुळे हाती वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटांचा असतो. एवढ्या वेळात तीन गोष्टी नीट पोहोचाव्या लागतात: निवड नेमकी कशासाठी झाली, खेळाडूने काय केले आणि तिच्यामागे कोण कोण उभे होते.

यातली पहिलीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकते. ‘राज्य पातळीवर निवड’ हे शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावले जातात. राज्य स्पर्धेत खेळण्यासाठी जिल्ह्याच्या संघात निवड होणे ही एक गोष्ट. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळण्यासाठी राज्याच्या संघात निवड होणे ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा एक पूर्ण पायरी वर आहे. पहिलीही अभिमानाचीच आहे. पण तिला दुसरीचे नाव दिले, तर रांगेत उभी असलेली आणि कबड्डी जाणणारी मुले लगेच एकमेकांकडे पाहतात. ज्या खेळाडूचे कौतुक चालले आहे, ती तर सर्वांत आधी अवघडते.

त्यातही मार्ग दोन आहेत. एक शालेय स्पर्धांचा. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडून १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा होतात. शाळेचा संघ तालुका, जिल्हा आणि विभाग असे टप्पे जिंकत राज्य स्पर्धेपर्यंत जातो, आणि तिथून राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी खेळाडू निवडले जातात. दुसरा मार्ग कबड्डी संघटनेचा. यात किशोर-किशोरी, कुमार-कुमारी असे गट असतात. खेळाडू गावातल्या क्रीडा मंडळाकडून खेळतो, जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून जिल्हा संघात येतो, राज्य अजिंक्यपद स्पर्धेत त्याचा खेळ निवड समिती पाहते आणि मग राज्याचा संघ ठरतो. पहिल्या मार्गात शाळेचे नाव पदोपदी येते. दुसऱ्यात शाळेचा वाटा थोडा असतो आणि मंडळाचा मोठा. घोषणेत श्रेय कोणाला किती द्यायचे, हे या फरकावर ठरते. म्हणून निवड कोणत्या मार्गाने झाली, हे शाळेने आधी विचारून घेतलेले बरे.

घाईचा धोकाही इथेच आहे. स्पर्धा संपल्यावर अनेकदा आधी संभाव्य खेळाडूंची यादी निघते. तिच्यात संघात मावतील त्याहून अधिक नावे असतात. मग सराव शिबिर होते आणि त्यातून अंतिम बारा जण निवडले जातात. सात मैदानात, पाच राखीव. संभाव्य यादीवरच परिपाठात टाळ्या झाल्या आणि शिबिरानंतर नाव गळले, तर त्या मुलीला पुढचा महिना प्रत्येकाला तीच गोष्ट समजावून सांगत फिरावे लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे: यादीत बाराच नावे आहेत का, आणि पत्रावर कोणत्या स्पर्धेचा उल्लेख आहे, जिल्ह्याच्या की राष्ट्रीय. मोबाइलवर फिरत आलेले अभिनंदनाचे रंगीत चित्र यासाठी पुरेसे नाही.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातली एक माध्यमिक शाळा घेऊ. नववीतली मुलगी मंडळाकडून खेळते आणि तिची निवड महाराष्ट्राच्या किशोरी संघात झाली आहे. ती डावी कोपरारक्षक आहे. खेळाडूंच्या भाषेत ‘लेफ्ट कॉर्नर’. कबड्डीत लोकांच्या लक्षात राहतो तो चढाई करणारा. तीस सेकंदांत गडी टिपून परत येणारा खेळाडू सगळ्यांना दिसतो, कोपऱ्यातला खेळाडू मात्र बहुतेक वेळ वाकून वाट पाहत उभा असतो. चढाईपटूचा पाय आत आला, की घोटा धरायचा, आणि मध्यरक्षकाने येऊन तिला मागे दाबेपर्यंत सोडायचा नाही. पकड क्षणभर आधी झाली, तर चढाईपटू पाय मागे खेचून गुण घेऊन जाते. क्षणभर उशिरा झाली, तर हाताला नुसती हवा लागते. ‘तिने उत्कृष्ट खेळ केला’ या वाक्यातून यातले काहीच कळत नाही. एका सामन्यातली एक पकड सांगितली, तर सगळे कळते.

प्रशिक्षकाच्या श्रेयाचेही तसेच आहे. ‘सरांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले’ हे वाक्य चित्रकला स्पर्धेलाही चालते आणि विज्ञान प्रदर्शनालाही. कबड्डीच्या प्रशिक्षकाने केलेले काम वेगळे आणि सांगता येण्याजोगे असते. गावातले मैदान मातीचे, तर राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यात धक्का जिरतो. मॅटवर बुटाचा तळ जागीच धरतो, शरीर वळते पण पाय वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मातीवर तयार झालेल्या खेळाडूला मॅटची सवय लावायची, तर तिला बूट घालून खेळवावे लागते, वळण्याआधी पाय उचलायला शिकवावे लागते, आणि मॅट असलेल्या जवळच्या केंद्रावर आठवड्यातून एक-दोनदा नेऊन आणावे लागते. हे काम बहुधा मंडळाचे प्रशिक्षक करतात. स्वतःची नोकरी किंवा शेती सांभाळून, संध्याकाळी, आणि पुष्कळदा बिनपगारी. परिपाठाच्या वेळी ते मैदानावर हजर नसतात, म्हणून त्यांचे नाव राहून जाते आणि सगळे श्रेय शाळेच्या क्रीडाशिक्षकांच्या पदरात पडते. चांगले क्रीडाशिक्षक स्वतःच ही दुरुस्ती करतात. त्यांचा वाटाही कमी नसतो: धावणे, ताकदीचे व्यायाम, स्पर्धेच्या दिवसांतली हजेरी, चुकलेली चाचणी पुन्हा घ्यायला विषयशिक्षकांना राजी करणे. दोघांची नावे दोन वेगळ्या कामांसह घेतली, की कोणाचेच कमी होत नाही.

कुटुंबाबद्दल बोलणे सर्वांत नाजूक. किशोरी गटात वयाची मर्यादा १६ वर्षांची आणि वजनाची ५५ किलोंची असते, आणि स्पर्धेआधी खेळाडूला काट्यावर उभे राहावे लागते. वाढत्या वयाच्या मुलीचे वजन त्या मर्यादेच्या आत ठेवायचे, पण अंगातली ताकद जाऊ द्यायची नाही, हा हिशेब घरच्या स्वयंपाकघरात चालतो. आदल्या दिवशी उपाशी ठेवून वजन उतरवणे हा त्यावरचा वाईट उपाय आहे. अशी खेळाडू काट्यावर पास होते आणि दुसऱ्या डावात पाय जड होऊन मागे पडते. भाकरी, भाजी, उसळ, दूध वेळेवर देणारी आई किंवा आजी हे काम महिनोन्‌महिने करत असते. शिवाय अंधार पडल्यावर मैदानावरून घरी आणायला कोणीतरी लागते, जन्मदाखला आणि बोनाफाइड प्रमाणपत्र शोधून द्यायला लागते, आणि मुलीला शिबिरासाठी परगावी पाठवायला घरातून होकार लागतो. हा शेवटचा होकार कित्येक घरांत सहज मिळत नाही.

हे सगळे सांगण्याजोगे आहे. घरच्या गरिबीचे वर्णन मात्र सांगण्याजोगे नाही. ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून’ हे शब्द वर्तमानपत्रांतून परिपाठात आले आणि तिथेच मुरले. शेकडो मुलांसमोर आपल्या वडिलांच्या मजुरीचा उच्चार झाला, तर चौदा वर्षांच्या मुलीला तो कौतुकाचा वाटेलच असे नाही. घरच्यांनी काय केले ते सांगावे, त्यांच्याकडे काय नाही ते सांगू नये. आणि जे सांगायचे ते आदल्या दिवशी तिला विचारून घ्यावे.

उरतात त्या मंडळातल्या आणि वर्गातल्या इतर मुली. कोपरारक्षक एकटीने तयार होत नाही. सरावात तिच्या अंगावर रोज कोणीतरी चढाई करते, घोटे धरून घेते, आपटते, उठते आणि पुन्हा येते. त्यांच्यापैकी काहींनी त्याच निवड चाचणीत भाग घेतलेला असतो आणि त्यांचे नाव यादीत नसते. एका वाक्यात त्यांचा उल्लेख झाला, तर टाळ्यांचा आवाज बदलतो, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला ठाऊक असते.

या सगळ्याची मिळून घोषणा साधारण अशी होते. मोकळ्या जागी पूर्ण नावे घ्यायची:

“विद्यार्थी मित्रांनो, आजची एक बातमी आपल्याच शाळेची आहे. नववी ‘ब’मधल्या … हिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या किशोरी कबड्डी संघात निवड झाली आहे. सराव शिबिरानंतर काल जाहीर झालेल्या बारा जणींत तिचे नाव आहे. राज्य स्पर्धेत ती आपल्या जिल्ह्याकडून डाव्या कोपऱ्यात खेळली. एका सामन्यात आपल्या तीनच मुली मैदानात उरल्या होत्या. समोरच्या संघाची सर्वांत चांगली चढाईपटू आत आली, आणि हिने तिचा घोटा धरला तो सोडलाच नाही. अव्वल पकडीचे दोन गुण मिळाले आणि लोण टळला. तिला पकड शिकवली मंडळाच्या … सरांनी. मॅटवरच्या सरावासाठी तिला तेच घेऊन जात. शाळेत तिचा व्यायाम घेतला आपल्या … मॅडमनी. तिचा आहार आईने सांभाळला, आणि रोज रात्री मैदानावरून तिला घरी आणले आजोबांनी. दोघेही आज आपल्यात आले आहेत. सरावात तिच्यावर चढाया करणाऱ्या मंडळाच्या मुलीही याच रांगांत उभ्या आहेत. आता तिने पुढे यावे.”

तीन मुली उरल्याचा तपशील उगाच घातलेला नाही. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू मैदानात असताना चढाईपटू पकडली गेली, तर पकडीच्या एका गुणावर आणखी एक गुण मिळतो. सगळा संघ बाद झाला असता, तर लोणाचे दोन गुण समोरच्यांना गेले असते. कबड्डी खेळणाऱ्या मुलांना हे सांगावे लागत नाही. बाकीच्यांना ‘टळला’ या शब्दावरून अंदाज येतो.

सत्कार गुलाबपुष्पाने करावा की वहीपेनाने, हा शाळेचा प्रश्न आहे. आई आणि आजोबांनाही पुढे बोलवावे एवढेच. खेळाडूला भाषण करायला लावू नये. तिला बोलायचे असेल तर ती बोलेल.

परिपाठ संपल्यावर कार्यालयात काही कामे उरतात. निवडीच्या पत्राची प्रत शाळेच्या क्रीडा नोंदवहीत लावायची. शिबिर आणि स्पर्धेच्या तारखा वर्गशिक्षकांना कळवायच्या, म्हणजे त्या दिवसांची गैरहजेरी लागणार नाही आणि बुडालेल्या चाचण्यांची सोय होईल. पुढे दहावीच्या क्रीडा सवलत गुणांसाठी आणि त्याहूनही पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्रे तपासली जातात. तेव्हा स्पर्धेचे नाव, वयोगट आणि स्पर्धा कोणी भरवली हे अचूक नोंदलेले लागते. शालेय स्पर्धा आणि संघटनेची स्पर्धा यांतला फरक तिथे पुन्हा विचारला जातो. प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षर न्‌ अक्षर जुळते का, हे ती राष्ट्रीय स्पर्धेहून परतली की त्याच आठवड्यात पाहून घ्यावे. चूक असेल तर ती तेव्हाच दुरुस्त करून घेणे सोपे जाते.